संरक्षण यंत्रणा : लघुप्रसंगांतील भेदनिदान

मनाला न पेलणारी भावना किंवा इच्छा जाणिवेबाहेर ठेवण्यासाठी अहं नकळत जे मार्ग वापरतो, त्यांना मनोविश्लेषणात संरक्षण यंत्रणा म्हणतात. मानसोपचारशास्त्राच्या अध्यापनात आणि परीक्षांत चार-पाच ओळींचा रुग्णप्रसंग देऊन त्यातली यंत्रणा ओळखायला सांगण्याची पद्धत रूढ आहे. विस्थापन, प्रक्षेपण आणि प्रतिक्रिया-निर्मिती यांत सर्वाधिक गल्लत होते, म्हणून येथे या तिघांचाच विचार केला आहे.

बचावाची कल्पना सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मधील एका निबंधात मांडली. प्रक्षेपणाचा विचार १८९५-९६ च्या सुमारास, छळाच्या भ्रमांचा उलगडा करताना त्यांच्या लेखनात येतो. प्रतिक्रिया-निर्मिती १९०५ च्या लैंगिकताविषयक निबंधांत आढळते. विस्थापनाचा इतिहास मात्र सरळ नाही. १९०० च्या स्वप्नविषयक ग्रंथात ते स्वप्न घडण्याची एक प्रक्रिया म्हणून येते. एका कल्पनेवरचा भावनिक भार दुसऱ्या, बिनमहत्त्वाच्या कल्पनेवर सरकतो, एवढाच त्याचा तेथील अर्थ. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केलेल्या दहा यंत्रणांच्या गणनेतही विस्थापनाला स्वतंत्र जागा नाही; त्याचा उल्लेख उदात्तीकरणाच्या, म्हणजे निषिद्ध ऊर्मी समाजमान्य कामाकडे वळवण्याच्या, जोडीने येतो. त्यामुळे विस्थापन ही खरोखर संरक्षण यंत्रणा आहे, की अनेक यंत्रणांच्या पोटात चालणारी सर्वसाधारण मानसिक हालचाल, याबद्दल मतभेद आहेत.

या वादात ‘छोटा हान्स’ या रुग्णवृत्तान्ताला महत्त्व आहे. व्हिएन्नातील या पाच वर्षांच्या आतल्या मुलाला घोडा चावेल अशी भीती बसली होती. वृत्तान्त १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला; १९२६ मध्ये फ्रॉइड पुन्हा त्याकडे वळले. मुलाला वडिलांची भीती वाटली असती, तर तिला विकार म्हणण्याचे कारण नव्हते. वडिलांच्या जागी घोडा आला, म्हणून तो विकार ठरला, असे त्यांनी तेथे म्हटले. एकाच माणसाविषयी प्रेम आणि वैर असा पेच असताना वैर दुसरीकडे वळवणे हा प्रतिक्रिया-निर्मितीला पर्यायी असा सुटकेचा मार्ग होय, हेही त्यांनी नोंदवले. हे विवेचन ग्राह्य धरले तर विस्थापनाला स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते. निदान रुग्णप्रसंगांच्या वाचनात तरी तोच प्रघात आहे.

प्रसंग वाचताना मूळ भावना कोणती, ती कोणाची आणि कोणाविषयीची, हे आधी निश्चित करावे लागते. मग या तिन्हींपैकी काय बदलले ते पाहायचे. विस्थापनात भावना तीच, ती बाळगणारी व्यक्तीही तीच. फक्त लक्ष्य बदलते. प्रक्षेपणात भावनेचा धनी बदलतो, म्हणजे स्वतःची भावना दुसऱ्याच्या मनात आहे असे वाटू लागते. प्रतिक्रिया-निर्मितीत धनी आणि लक्ष्य कायम राहतात, पण भावना उलटी होते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. चौतीस वर्षांच्या विवाहितेने पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली आहे. प्रसंगाच्या पहिल्याच ओळीत ‘नोकरी सुटल्यापासून तिला रात्री झोप लागत नाही’ असे आहे, आणि सासूचा विषय निघताच तिचे दात आवळले जातात असे डॉक्टरांनी टिपले आहे. मूळ भावना रागाची, ती सुनेची आणि सासूविषयीची, असे यावरून धरता येते.

पहिला शेवट असा : सासूला जेवण भरवून ती स्वयंपाकघरात येते आणि पेन्सिलीला टोक केले नाही म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घालते. हे वड्याचे तेल वांग्यावर, म्हणजे विस्थापन. नवे लक्ष्य बहुधा कमी धोक्याचे असते आणि चुकीच्या मानाने राग फार मोठा असतो. पेन्सिलीचा तपशील त्यासाठीच घातलेला असतो.

दुसरा शेवट : ती म्हणते, “सासूबाईंना मी डोळ्यांसमोर नको आहे. मी गेले की त्या सुटतील, असंच त्यांच्या मनात चाललेलं असतं.” सासूला पक्षाघातानंतर बोलता येत नाही, सून दिसली की ती तिचा हात धरते. येथे भावनेचा धनी बदलला, म्हणून प्रक्षेपण. हाताचा तपशील नसता तर उत्तर डळमळले असते, कारण सासू खरोखरच सुनेचा दुस्वास करत असेल तर सुनेचे म्हणणे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन ठरते.

तिसरा शेवट : दिवसाची परिचारिका ठेवण्याचा नवऱ्याचा प्रस्ताव ती धुडकावते, सासू गाढ झोपलेली असताना ‘बऱ्या आहात ना’ म्हणून तिला तासातासाला उठवते आणि ‘माझ्या आईपेक्षा मला त्याच जवळच्या’ असे पाहुण्यांना ऐकवते. ही प्रतिक्रिया-निर्मिती. माया केवळ आहे म्हणून नव्हे, तर ती ताठर आहे, परिस्थितीनुसार कमीजास्त होत नाही आणि झोपमोड करून सासूला त्रासच देते म्हणून. दडवलेला राग त्या झोपमोडीतून डोकावतो. अशी गळती प्रसंगात दाखवलेली नसेल, तर प्रेमळ सुनेवर हे लेबल लावता येत नाही. राग ठाऊक असूनही ती जाणीवपूर्वक गोड बोलत असेल, तर तेही प्रतिक्रिया-निर्मितीत बसत नाही. त्यात नकळतपणा नाही.

एकाच प्रसंगात दोन यंत्रणा साखळीने येतात तेव्हा खरी अडचण होते. याचे प्रसिद्ध उदाहरण जर्मन न्यायाधीश डॅनिएल पॉल श्रेबर यांच्या आत्मवृत्तावरचा फ्रॉइड यांचा १९११ चा अभ्यास. ‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ हे असह्य वाक्य आधी ‘मी त्याचा द्वेष करतो’ असे उलटते आणि मग ‘तो माझा द्वेष करतो, छळ करतो’ असे परक्याच्या माथी जाते, अशी मांडणी त्यात आहे. पहिल्या पायरीत भावना उलटली, दुसरीत धनी बदलला. छळाच्या भ्रमाचे मूळ समलैंगिक आकर्षणात शोधणारा त्यातला सिद्धान्त आज सहसा स्वीकारला जात नाही. पायऱ्या सुट्या करण्याची रीत मात्र उपयोगी आहे. परीक्षेतल्या प्रसंगात रुग्णाच्या तोंडी शेवटचे वाक्य दिलेले असते, म्हणून अपेक्षित उत्तर प्रक्षेपण असते.

वर्गीकरणात या तिघांची पायरी एक नाही. अमेरिकन मनोचिकित्सक जॉर्ज व्हेलंट यांनी परिपक्वतेनुसार लावलेल्या श्रेणीत प्रक्षेपण अपरिपक्व गटात, तर विस्थापन आणि प्रतिक्रिया-निर्मिती त्याहून वरच्या, मज्जाविकृतीच्या पातळीवर आहेत. भ्रमाच्या थराला गेलेले प्रक्षेपण ते सर्वांत खालच्या, मनोविकृतीच्या गटात टाकतात. अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत संरक्षण यंत्रणांची श्रेणी परिशिष्टात होती; २०१३ च्या आवृत्तीत ती वगळली गेली.

प्रायोगिक पुरावाही सारखा नाही. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सामाजिक मानसशास्त्रातील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात प्रतिक्रिया-निर्मितीला चांगला आधार मिळाला. प्रक्षेपण घडते, पण ते बचावाचे साधन नसून बचावाचा उपपरिणाम असावा, असे त्यांना दिसले. विस्थापनाला मिळालेला आधार क्षीण होता, आणि रुग्णप्रसंगांत ओळखायला सर्वांत सोपी मानली जाते ती हीच यंत्रणा.