ल्युटेशियम-पीएसएमए उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि तारखांचा मेळ (नागपूरच्या रुग्णांसाठी)

प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरला, हार्मोनची इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊनही रक्तातला पीएसए हा आकडा चढतोच आहे, केमोही झाली किंवा झेपणार नाही असं दिसतंय, की डॉक्टर चिठ्ठीवर ‘ल्युटेशियम-पीएसएमए’ लिहून देतात. मेडिकलमध्ये असो वा खासगीत, पुढचा प्रश्न तोच: अर्ज कुठे करायचा? यासाठी सरकारी खिडकीवरचा एकच छापील अर्ज नाही. फाइल अणुवैद्यक विभागात (न्यूक्लियर मेडिसिन) जाते, तिथले डॉक्टर पात्रता ठरवतात आणि मग रुग्णाच्या नावाने औषध मागवलं जातं. पैशाची मंजुरी हा वेगळा रस्ता असतो. हे दोन्ही रस्ते एका तारखेला मिळाले पाहिजेत, आणि खरी ओढाताण तिथेच होते.

औषध काय आहे ते थोडक्यात. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन खूप असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी अणू जोडून तो शिरेतून देतात. त्याचे बीटा कण जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात, म्हणून मारा बहुतांशी गाठीतच होतो. या अणूचं अर्धायुष्य साधारण ६.६५ दिवस. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तो तयार होतो, काही माल बाहेरूनही येतो. एका डोसला साधारण २०० मिलिक्युरी इतका किरणोत्सार लागतो. ठरलेल्या दिवसानंतर तीन दिवस डोस पडून राहिला, तर त्यातले १४६ च्या आसपास उरतात. म्हणून ‘मंजुरी आली की बघू’ इथे चालत नाही, आणि ऐनवेळी रुग्ण आला नाही तर तो डोस बहुधा वायाच जातो. आगाऊ रक्कम मागतात ती याचसाठी.

पात्रतेत सर्वांत वजन पीएसएमए पेट स्कॅनला. औषध जिथे पोहोचणार ते स्कॅनवर आधी दिसलं पाहिजे. गाठी यकृतापेक्षा ठळक उजळल्या पाहिजेत, आणि सीटीत दिसणारी एखादी मोठी गाठ पीएसएमएवर काळीच राहिली असेल तर डॉक्टर थांबतात, कारण तिथे औषध बसणारच नाही. हाडं सगळी लखलखतात पण यकृतातली गाठ उजळत नाही, अशा रुग्णाला नकार मिळू शकतो. तो नकार योग्य असतो, दुसऱ्या दवाखान्यात तीच फाइल फिरवून उपयोग नाही. शंका असेल तिथे एफडीजी पेटही सांगतात. नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात, आणि सीडी राहून गेल्याने परत पाठवलेली माणसं पुष्कळ.

दुसरी चाळणी रक्त आणि मूत्रपिंडाची. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या लागतात. ज्या मोठ्या चाचणीवर २०२२ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, त्यात हिमोग्लोबिन किमान ९, प्लेटलेट किमान १ लाख आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स किमान ५० अशी अट होती. प्रत्येक केंद्राचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, पण अंदाज यावरून येतो.

क्लिअरन्स म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने साफ करतात याचा अंदाज; तो एका उदाहरणावर बघू. समजा, हिंगण्याचे एक निवृत्त एसटी वाहक, वय ६८, वजन ६० किलो. स्कॅन उत्तम, पण क्रिएटिनिन १.९. सूत्र असं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. म्हणजे ७२ गुणिले ६०, भागिले १३६.८; उत्तर सुमारे ३२. नापास. पण सोनोग्राफीत कळतं की प्रोस्टेटची गाठ मूत्रवाहिन्यांच्या तोंडाशी वाढल्यामुळे लघवी अडते आहे आणि मूत्रपिंडं सुजली आहेत. युरोलॉजिस्ट मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट ही नळी टाकतात, काही आठवड्यांत क्रिएटिनिन १.१ वर येतं. आता तेच सूत्र सुमारे ५५ देतं. माणूस तोच, आजार तोच, फाइल मात्र पास. म्हणून क्रिएटिनिन जास्त दिसलं तर आधी अडथळा आहे का ते विचारा. औषधाचा बराच भाग लघवीवाटे जातो. वाट तुंबली असेल तर तो आत साचतो, त्यामुळे स्टेंट तसाही आधी हवाच.

आता फाइल. बायोप्सी रिपोर्ट, पीएसएमए पेट सीडीसकट, पीएसएच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार, टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट, आधीची औषधं आणि केमो कधी सुरू, कधी बंद याचा डॉक्टरांच्या सहीचा सारांश, ट्यूमर बोर्डाची नोंद असेल तर ती, आधार, रेशनकार्ड. टेस्टोस्टेरॉन लोक विसरतात, पण हार्मोन खरंच दबलेलं असताना पीएसए चढतोय हे त्यावरूनच ठरतं. रक्ताचे रिपोर्ट शेवटी काढा. महिनाभर आधीचे आकडे डोसच्या दिवशी कुणी धरत नाही.

पैशाचा रस्ता मात्र पहिल्या दिवशीच सुरू करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार तुमच्या रुग्णालयात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पॅकेजचं नाव सांगून लेखी विचारून घ्या; ‘कॅन्सर बसतो’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत), रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड लागतात. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून अर्ज डोसच्या आधीच हवा. सेतूतून दाखला यायला वेळ लागतो, तो आधी टाका. अंदाजपत्रकावर एका डोसचा खर्च आणि एकूण डोस किती, हे दोन्ही लिहून घ्या. फक्त पहिल्या डोसचा आकडा असेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा सगळी धावपळ.

रुग्णालय निवडताना अणुऊर्जा नियामक मंडळाची या उपचाराची परवानगी आहे का, ते विचारा. मुंबईत परळला टाटा स्मारकाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, विदर्भातले पुष्कळ जण तिथे जातात. तसं असेल तर घरी सोडल्याच्या दिवशीच दुरोंतोचं तिकीट काढू नका. रात्रभर शेजारच्या बर्थवर गर्भवती किंवा लहान मूल असू शकतं. किती दिवसांनी प्रवास करायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. विमानतळावरचे किरणोत्सार मोजणारे यंत्र बरेच दिवस वाजू शकते. घरी सुरुवातीचे काही दिवस बसून लघवी, दोनदा फ्लश आणि नातवंडांपासून अंतर.

ल्युटेशियम न्यूरोएंडोक्राइन गाठींवरही देतात, पण ती फाइल वेगळी: स्कॅन डोटाटेटचा, बायोप्सीत पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगणारी केआय-६७ची टक्केवारी, आणि मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी अमिनो आम्लाची सलाइन. त्यात साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस असतात. महिन्याला लांब मुदतीचं ऑक्ट्रिओटाइड घेत असाल तर डोसआधी सुमारे चार आठवडे ते थांबवायचं असतं, म्हणजे तारीख ठरवताना त्या इंजेक्शनची तारीखही सोबत न्यावी.

प्रोस्टेटमध्ये सहसा सहा आठवड्यांच्या अंतराने सहापर्यंत डोस. प्रत्येक वेळी आधी ताजं रक्त. प्लेटलेट घसरले तर डोस पुढे जातो, म्हणून रक्त डोसची ऑर्डर जाण्याआधी तपासून रिपोर्ट विभागाला पोहोचवा. ऑर्डर गेल्यावर आकडा खाली आला तर तो डोस दुसऱ्या कुणाला मिळेलच असं नाही.