अंधाराची भीती वेगळी, झोपेतली किंकाळी वेगळी

चार वर्षांचं मूल परवापर्यंत मुकाट्यानं झोपत होतं. आता ते दिवा मालवू देत नाही, पलंगाखाली राक्षस आहे म्हणतं. त्याच आठवड्यात एका रात्री साडेदहाला ते किंचाळून उठतं आणि घरातली माणसं दोन्हीची सांगड घालतात: राक्षसाला घाबरलंय, म्हणून किंचाळलं. बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकतो, आणि चुकला की उपायही उलटे होतात.

आधी राक्षस. ही भीती साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात येते, कारण तेव्हा कल्पनाशक्ती झपाट्यानं वाढते. जे समोर नाही ते मनात उभं करणं मुलाला जमू लागतं, पण उभं केलेलं चित्र बाजूला सारणं अजून जमत नाही. दिवसा खुर्चीवर टाकलेला शर्ट हा शर्टच असतो. दिवा गेला की फक्त खांदे आणि बाही उरते, बाकीचं मूल स्वतः भरतं. ते खोटं आहे हे त्याला ठाऊक नसतं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना रिकाम्या खोक्यात राक्षस असल्याची नुसती कल्पना करायला सांगितलं होतं. तो खरा नाही हे मुलं कबूल करत होती, तरी मोठं माणूस खोलीबाहेर जायला निघालं तेव्हा चार वर्षांची काही मुलं त्याला जाऊ देईनात. म्हणून ‘अरे, राक्षस नसतोच’ हे वाक्य दहादा सांगूनही फरक पडत नाही. माहिती मुलाकडे आहेच, भीती तिला जुमानत नाही.

आता किंकाळी. डॉक्टर हिला नाइट टेरर म्हणतात. झोप लागल्यावर एक ते तीन तासांत, गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो. डोळे उघडे, अंगाला घाम, छाती धडधडतेय, पण मूल आईलाही ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं. काही मिनिटांत शांत होऊन झोपतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. इथे बहुधा कुठलीही गोष्ट रचलेली नसते. अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय अशी कारणं असतात, आणि घराण्यात कुणाला झोपेत चालायची सवय असेल तर शक्यता वाढते. (पहाटेकडे रडत उठून ‘वाईट स्वप्न पडलं’ सांगणारं मूल हे तिसरंच प्रकरण, ते पूर्ण जागं असतं, त्याला कुशीत घ्यावं.)

सगळ्यात मोठी चूक सकाळी होते. ‘काय दिसलं रे रात्री? राक्षस होता का?’ ज्या मुलाला काहीच आठवत नव्हतं, त्याच्या हातात आपण राक्षस देतो आणि संध्याकाळी तो पलंगाखाली जाऊन बसतो. विचारूच नये.

किंचाळणाऱ्या मुलाला हलवून जागं करू नये, त्यानं गोंधळ लांबतो. पडणार नाही, आपटणार नाही एवढं पाहत शेजारी थांबावं. मग झोपेचा हिशोब करावा. दुपारची झोप नुकतीच सुटलेलं मूल नऊला झोपून साडेसहाला उठत असेल तर साडेनऊ तास होतात. या वयाला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास लागतात. झोपायची वेळ सव्वाआठवर आणली की अनेकदा तेवढंच पुरतं. तरी रोज ठरावीक वेळी किंकाळी येत असेल तर आठवडाभर वेळ लिहून ठेवा. झोपल्यावर दीड तासानं येत असेल, तर सव्वा तासानं मुलाला हलकेच चाळवा, कूस बदलेल इतकंच, आणि झोपू द्या. हे दोन ते चार आठवडे करतात.

राक्षसाच्या भीतीला मात्र जागेपणीच हात घालावा लागतो. जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवा, बॅटरी मुलाच्या हाती द्या. दिवसा पडदे ओढून, अंधाऱ्या खोलीत लपवलेलं खेळणं शोधायचा खेळ खेळा. आधी दार उघडं, मग अर्धं. रात्री पलंगाशेजारी बसा आणि दर दोन-तीन रात्रींनी खुर्ची दाराकडे सरकवा. राक्षस पळवायचं औषध म्हणून खोलीत पाण्याचा फवारा मारणं मला पटत नाही. फवारा मारायचा म्हणजे राक्षस आहे हे मोठ्यांनीही मान्य केलं.

किंकाळीचा झटका एकाच रात्री अनेकदा येतो, दर वेळी हुबेहूब तशीच हालचाल होते, अंग ताठतं किंवा हातपाय झटकतात, तर फिट येत असण्याची शक्यता असते. मोबाईलवर चित्रण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल रोज घोरत असेल तर तेही सांगा. श्वास अडल्यानं झोप तुटते आणि किंकाळ्या वाढतात.