चटणीचा भाव का वाढला, पुडी का बारीक झाली : आमच्या दुकानदार, मेसवाले आणि घरगुती ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी. या महिन्यात रोज सकाळपासून एकच फोन चालूय, की शेंगा चटणीचं 200 ग्रॅमचं पाकीट 70 चं 80 कसं झालं आणि दहाच्या पुडीत चटणी कमी का लागतेय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसलं तर चटणी कुटायच्या डंकावर कोण उभारणार, म्हणून हे एकदाच लिहून काढलंय. दुकानात लावा, ग्रुपवर टाका, काय करायचं ते करा, पण फोन करायच्या आधी एकदा वाचा.

पहिली गोष्ट, लसूण. लसूण चढला की सगळ्यांना कळतं, कारण घरची बाईच पहिली ओरडते. 2024 मध्ये किरकोळ बाजारात चारशेच्या वर गेलेला तुम्हाला आठवत असेलच. आधीच्या हंगामात भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी लागवड कमी केली आणि मग पुढच्या वर्षी मालच नाही, असं ते चक्र असतं. आपल्याकडं येणारा बराचसा लसूण मध्य प्रदेशातला, मंदसौर-नीमच भागातला, आणि नवा माल साधारण फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागतो. म्हणजे तोवर आपल्या हातात काही नसतं.

पण चटणीचा भाव लसणावर ठरत नाही, एका किलो चटणीत कोणती वस्तू किती ग्रॅम पडते त्यावर ठरतो. आमचा हिशोब गोल आकड्यात सांगतो. एका किलो चटणीत भाजून साल काढलेले शेंगदाणे 780 ग्रॅम, तिखट 80, सोललेला लसूण 90, मीठ 40 आणि जिरं 10. सोललेल्या 90 ग्रॅमसाठी गड्डे घ्यावे लागतात साधारण 110 ग्रॅम. लसूण 120 रुपये किलो होता तेव्हा किलो चटणीत तो 13 रुपयांचा पडायचा, 400 झाला की 44 चा. म्हणजे लसूण तिप्पट-चौपट झाला तरी किलोमागं वाढ 31 रुपये.

आता शेंगदाणा बघा. भाजताना ओल उडते, सालं जातात, काळे-किडके वेचून टाकावे लागतात, त्यामुळं 780 ग्रॅमसाठी कच्चे 850 ग्रॅम घ्यावे लागतात. तो 110 चा 130 झाला. वीसच रुपये, पेपरात बातमी पण येत नाही. पण किलो चटणीमागं 17 रुपये वाढले. अजून वीस वाढला असता तर 34, म्हणजे लसणापेक्षा जास्त. म्हणून लसूण उतरला की लगेच “आता कमी करा की” म्हणता तेव्हा आम्ही आधी शेंगदाण्याचा भाव बघतो. दोन्ही मिळून या वेळी वाढ झाली 48 रुपये किलोला, 200 च्या पाकिटाला साडेनऊच्या आसपास.

यावर काय काय करता येतं ते सगळं आम्ही बघितलं. काही जणांनी आपुलकीनं सांगितलं की लसूण कमी टाका, कोणाला कळतंय. 90 चा 60 केला तर किलोला जेमतेम 15 रुपये वाचतात, पाकिटाला तीन. आणि कळतं हो, पहिल्याच घासाला कळतं, सोलापूरच्या माणसाला तर डबा उघडल्यावर वासानंच कळतं. लसणाची पावडर वापरून बघा म्हणाले, ती वापरली तर चटणीला मसाल्याच्या पाकिटाचा वास येतो, कुटलेल्या लसणाचा ओलावा आणि झणका येत नाही.

डाळवं घालायचा सल्ला मात्र सगळ्यात जास्त येतो. बाजारात स्वस्त शेंगा चटणी दिसते त्यात बऱ्याचदा तेच असतं. डाळवं घालणं गुन्हा नाही, पाकिटावर घटकांमध्ये लिहिलं की झालं, पण मग तिला शेंगा चटणी म्हणून त्या भावात विकू नये असं आमचं मत. ओळखायचं असेल तर मूठभर चटणी हातात दाबा. नुसत्या शेंगदाण्याची डंकावर कुटलेली असेल तर गोळा होतो आणि तळहाताला तेल लागतं, डाळव्याची असेल तर भुगा सुटतो आणि खाताना टाळूला चिकटते. ताकात कालवून दहा मिनिटं ठेवली तर डाळव्याची पिठल्यासारखी आळते. काही जण वरून तेल सोडून चमक आणतात, पण ते तेल डब्याच्या तळाला साठतं आणि वरची चटणी कोरडी राहते, तेव्हा बघताना तळ पण बघा.

व्यापारी बदलायचा पण विचार केला. एकानं जावा जातीचा शेंगदाणा 122 नं देतो म्हणाला, आमचा नेहमीचा 130 नं देत होता. आठ रुपये म्हणजे कुणाचंही मन चळेल. पण आम्ही पोतं घ्यायच्या आधी 5 किलो नमुना मागून भाजून बघतो. नेहमीच्या मालात किलोला 920 ग्रॅम चांगला भाजका दाणा हातात आला, स्वस्तातल्या मालात 860. त्यात ओल जास्त, बारीक सुरकुतलेले दाणे जास्त, आणि बुरशीचे थोडे निघाले ते वेचायला बाईची मजुरी वेगळी. 130 ला 920 नं भागा, भाजका दाणा पडतो 141 रुपये 30 पैसे किलो. 122 ला 860 नं भागा, पडतो 141 रुपये 86 पैसे. म्हणजे स्वस्त माल अर्ध्या रुपयानं महाग निघाला, मजुरी न धरताच. बुरशीचा एखादा दाणा चुकून कुटला गेला तर अख्खा घाणा कडवट होतो तो भाग निराळाच. ज्या बायका घरून चटणी करून विकतात त्यांनी पण हे करून बघावं, नमुना भाजायचा, पाखडायचा, परत तोलायचा आणि मग भाव ठरवायचा.

मग राहिलं काय, तर वजन आणि किंमत. इथं आम्ही दोन्हीकडं वेगळं केलं आणि त्यावरूनच सगळा गोंधळ चाललाय.

दहाची पुडी ही दहाचीच राहते. पानपट्टीवर, चहाच्या गाड्यावर, शाळेजवळ कोणी 11 रुपये देत नाही आणि दुकानदार रुपया सुट्टा शोधत बसत नाही. म्हणून तिथं किंमत तीच ठेवून वजन 25 ग्रॅमचं 22 केलं. 25 ग्रॅममागं खर्च वाढला होता सव्वा रुपयाच्या आसपास, तेवढीच चटणी कमी केली. गुपचूप नाही केलं, नवीन वजन पुडीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलंय.

200 ग्रॅमच्या पाकिटाचं मात्र वजन तसंच ठेवून किंमत वाढवली. याला एक धंद्याचं कारण पण आहे. पाकिटाच्या रोलवर वजन छापूनच येतं, वजन बदललं की छपाईचा सिलिंडर नवा करावा लागतो आणि जुना रोल वाया. किंमत आणि तारीख मात्र आमच्याच मशीनवर मारली जाते, उद्या भाव उतरला तर उद्याच कमी मारता येते. आणि घरी 200 ग्रॅम घेणारा माणूस ठरवूनच घेतो, त्याला 180 देऊन 70 घेतले तर डबा लवकर संपतो आणि शिव्या आम्हाला बसतात. 70 चे 80 केले त्यातले दोन रुपये दुकानदाराच्या 20 टक्क्यात जातात, आमच्याकडं येतात आठ. खर्च वाढला साडेनऊ. उरलेला दीड रुपया आम्ही सोसलाय, हे पण लक्षात असू द्या.

आता तुमची ती चूक, जिच्यामुळं आमचा अर्धा दिवस जातो. “शेजारच्या दुकानात दुसऱ्याची चटणी 65 ला आहे, तुमची 80 ला कशी.” दर दुसरा फोन हाच. मी विचारतो वजन किती, तर म्हणतात, एवढंच पाकीट आहे. पाकीट एवढंच असेल, आत किती आहे? एका गिऱ्हाईकानं शेवटी फोटो पाठवला तर त्यावर 160 ग्रॅम. 65 ला 160 म्हणजे ग्रॅमला साडेचाळीस पैशांच्या वर, आमचं 80 ला 200 म्हणजे बरोबर चाळीस. महाग कोण? पाकिटाची उंची-रुंदी सारखी ठेवून आत वजन कमी करणं सगळीकडं चालतं. म्हणून पाकीट पाकिटाशी लावूच नका. पाकिटावर एमआरपीजवळ आता दर ग्रॅमची किंमत छापणं सक्तीचं आहे, बारीक अक्षरात असते पण असते, ती बघा आणि तीच दुसऱ्याच्या पाकिटावर बघा. चष्मा लावा पण बघा. किलोच्या पाकिटावर ती वेगळी शोधायला नको, एमआरपी हाच किलोचा भाव.

तीच नजर आमच्याच मालावर फिरवा. दहाची पुडी पडते ग्रॅमला साडेपंचेचाळीस पैसे, 200 चं पाकीट चाळीस, आणि किलोचं पाकीट 370 ला म्हणजे सदतीस. मेसवाले अजून पण 200 ची पाच पाकिटं नेतात आणि 400 मोजतात, वर भाव वाढला म्हणून भांडतात. अहो किलोचं घ्या की, तीस रुपये तिथंच वाचले, आणि तुमच्याकडं तर ते आठ दिवसात संपतं.

दुकानदारांसाठी अजून थोडं. तुमच्याकडं 70 छापलेली जुनी पाकिटं असतील तर ती 70 लाच विकायची. वरून 80 चं स्टिकर लावून द्या म्हणून आमच्याकडं कोणी येऊ नका, एमआरपी वाढवणारं स्टिकर लावायला कायद्यानं बंदी आहे. कमी करणारं लावता येतं, ते पण जुना आकडा न झाकता. तपासणी आली तर तुम्ही पण अडकता, आम्ही पण.

आणि भाव अजून वाढेल या भीतीनं पेटीच्या जागी पाच पेट्या उचलू नका. शेंगदाणा कुटला की त्यातलं तेल उघडं पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्र्याखालच्या गोडाऊनात ते लवकर खवट होतं. आम्ही तीन महिन्यांची मुदत देतो ती सावलीतल्या कोरड्या जागेसाठी, शोकेसच्या उन्हात ठेवलेल्या पाकिटासाठी नाही. भावात दहा रुपये वाचवायला म्हणून घेतलेला माल खवट झाला तर परत घेणार नाही, आधीच सांगून ठेवतोय. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी जास्त माल लागणार असेल तर डिसेंबरात आगाऊ नोंद करा, ताजा कुटून देतो, नोंदीच्या दिवशीचा भाव पक्का.

ऑर्डर सांगताना “दहावाली” किंवा “मोठी” असं न म्हणता 22 ग्रॅम, 200 ग्रॅम, किलो असं वजन सांगा, म्हणजे पोरगं चुकीची पेटी भरणार नाही. नवीन चटणी खाऊन बघायची असेल तर कारखान्यावर या, सकाळी अकरापर्यंत डंक चालू असतो, ताजी चटणी आणि कडक भाकरी ठेवलेली असते, खाऊन मग भावाचं बोलू.