एडीएचडीचे औषध: किती द्यायचे, हे कसे ठरते?

एडीएचडी असलेल्या मुलाला मेथिलफेनिडेट सुरू करण्याआधी त्याची उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. हे औषध मेंदूत डोपामिनसोबत नॉरअॅड्रेनॅलिनचाही परिणाम वाढवते आणि नॉरअॅड्रेनॅलिनमुळे हृदयाची गती वाढते. नाडी मिनिटाला सरासरी तीन ते पाच ठोक्यांनी चढते. निरोगी मुलाला ते जाणवतही नाही. धोका असतो तो आधीपासून हृदयविकार असलेल्या मुलाला.

म्हणून पालकांना नेमके विचारावे. धावताना-खेळताना मूल कधी बेशुद्ध पडले का? छातीत दुखते, धडधडते का? घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावले आहे का? एकही उत्तर ‘हो’ आले, किंवा तपासताना हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, तर आधी ईसीजी आणि हृदयतज्ज्ञांचा सल्ला, औषध नंतर. सगळे ठीक असेल तर सरसकट ईसीजी काढण्याची गरज नाही. त्यातले निरुपद्रवी फरकही पालकांना विनाकारण घाबरवतात.

डोस मुलाच्या वजनावरून नेमका काढता येत नाही. सारख्याच वजनाच्या दोन मुलांना वेगवेगळी मात्रा लागू शकते, त्यामुळे ती पायरीपायरीने शोधावी लागते. समजा, आठ वर्षांचा, २५ किलोचा मुलगा आहे. पहिल्या आठवड्यात सकाळी ५ आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून दोन वेळा. दुसऱ्या आठवड्यात १० आणि ५, तिसऱ्यात १० आणि १०. प्रत्येक वाढीच्या वेळी नाडी-रक्तदाब मोजायचा आणि शिक्षक व पालक दोघांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात तो वर्गातले लिखाण पुरे करू लागतो. आणखी फायदा होईल का, हे पाहण्यासाठी चौथ्यात १५ आणि १० दिले, तर शिक्षक लिहितात, ‘शांत बसतो, पण हसत नाही, कुणाशी बोलत नाही.’ अनेकांना ही सुधारणा वाटते. ती नाही; डोस जास्त झाला आहे. पुन्हा १० आणि १० वर यायचे.

विश्रांतीतही नाडी सतत १२० च्या वर राहत असेल तर डोस कमी करून हृदयतज्ज्ञांकडे पाठवावे.

भूक मरणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. दुपारचा डबा तसाच परत येतो. गोळी जेवणासोबत किंवा नंतर द्यावी आणि संध्याकाळी, असर ओसरल्यावर, पोटभर खाऊ घालावे. या वयात वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी वाढीच्या तक्त्यावर मांडावी. एका आकड्यावरून काही कळत नाही. मुलाची रेषा आपली नेहमीची वाट सोडून खाली येऊ लागली, तर शाळेच्या सुट्टीत औषध थांबवून वाढ भरून निघते का, ते पाहावे.