त्याग गुणोत्तर

महागाईदर कायमचा एक टक्क्याने खाली आणण्यासाठी, म्हणजे दहावरून नऊवर किंवा सहावरून पाचवर आणण्यासाठी, देशाला वर्षभराच्या उत्पादनाचा किती टक्के भाग गमवावा लागतो, ते सांगणाऱ्या आकड्याला त्याग गुणोत्तर म्हणतात. इंग्रजी नावावरून ‘सॅक्रिफाइस रेशो’ असेही लिहितात. गुणोत्तर दोन आले, तर महागाई तीन टक्क्यांनी उतरवण्याची किंमत वर्षाच्या उत्पादनाच्या सहा टक्के झाली. हे नुकसान एकाच वर्षात होते असे नाही. तीन-चार वर्षांत थोडे थोडे होते आणि त्याची बेरीज धरायची असते.

व्याजदर वाढवल्याने हे नुकसान का होते, ते मुंबईत एका गृहकर्जावरून दिसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने अल्प मुदतीचे पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जे बाहेरच्या एखाद्या दराला, बहुधा रेपोलाच, जोडलेली असतात. त्यामुळे ही वाढ थेट कर्जदारापर्यंत पोचते. डोंबिवलीत घर घेताना कोणी ४० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी काढले असेल, तर त्याचा हप्ता सुमारे ३१,००० रुपये. दर साडेनऊ झाल्यावर तेच कर्ज वीस वर्षांत फेडायचे तर हप्ता जवळपास ३७,३०० होतो. महिन्याला सव्वासहा हजारांचा फरक! हे पैसे आधी शेजारच्या दुकानात, क्लासच्या फीमध्ये, गावच्या घराच्या डागडुजीत जात होते.

बऱ्याच बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवतात. पण कर्ज नवे असेल तर तीही वाट बंद होते. ४० लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच ३१,६६७ रुपये होते, म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षा जास्त. हप्ता वेळेवर भरूनही कर्ज वाढत जाते. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याबाबत सूचना दिल्या: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय ग्राहकाला द्या आणि मुद्दल वाढत जाईल अशी स्थिती येऊ देऊ नका. हात आखडलेला हा एक कर्जदार. असे लाखो झाले की घरांची, गाड्यांची, यंत्रांची मागणी घटते, विक्रेते भाव वाढवायला कचरतात आणि महागाई उतरते. पण भाव उतरण्याच्या आधी माल पडून राहतो आणि माणसे बसून राहतात. त्याग गुणोत्तर मोजते ते या मधल्या काळाचे नुकसान.

या विषयातले सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेचे आहे. पॉल वोल्कर ऑगस्ट १९७९मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले आणि ६ ऑक्टोबरला त्यांनी पैशाचा पुरवठा आवळण्याचे नवे धोरण जाहीर केले. १९८१च्या मध्यावर बँकांनी एकमेकांना रात्रीपुरते पैसे देण्याचा दर १९ टक्क्यांच्या वर गेला. घरे विकली जाईनात, तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने फेडरल रिझर्व्हला पाठवले.

हिशेब असा मांडता येतो. १९८१मध्ये किरकोळ महागाईची सरासरी १०.३ टक्के होती, १९८५मध्ये ३.६. घट ६.७ टक्क्यांची. याच काळात बेकारीचा दर १९८२ला ९.७, १९८३ला ९.६, १९८४ला ७.५ आणि १९८५ला ७.२ टक्के होता. एरवी तो ६ टक्के राहिला असता असे धरले, तर जादा बेकारी अनुक्रमे ३.७, ३.६, १.५ आणि १.२ येते, बेरीज बरोबर १०. आर्थर ओकुन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार बेकारी एक टक्का जास्त असेल, तर उत्पादन सुमारे दोन टक्के कमी असते. म्हणून नुकसान वर्षाच्या उत्पादनाच्या २० टक्के. वीसला ६.७ने भागले की उत्तर साधारण ३.

या हिशेबातली नाजूक जागा म्हणजे ‘६ टक्के’ हा आकडा. तो कुठेही मोजलेला नसतो. अंदाजाने धरावा लागतो. तो साडेसहा धरला, तर जादा बेकारीची बेरीज ८ होते आणि गुणोत्तर २.४वर येते. अर्ध्या टक्क्याच्या गृहीतकाने उत्तर पाचव्या हिश्श्याने बदलते. म्हणून त्याग गुणोत्तराचा आकडा वाचताना ‘एरवी काय झाले असते’ हे कसे ठरवले, ते आधी पाहावे. ते सांगितले नसेल तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा, असे माझे मत आहे.

खुद्द ओकुन यांनी १९७८मध्ये तेव्हाच्या अर्थमितीय अभ्यासांवरून हे गुणोत्तर ६ ते १८च्या दरम्यान, सरासरी १० असल्याचे म्हटले होते. तसे असते तर वोल्कर यांच्या मोहिमेत वर्षाच्या उत्पादनाच्या दोन तृतीयांश इतके नुकसान झाले असते. प्रत्यक्षात किंमत जबर पडली, १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, तरी ती या भाकिताच्या एक तृतीयांशच राहिली. या फरकाचे नेहमी दिले जाणारे कारण अपेक्षांचे आहे. पुढच्या वर्षीही भाव दहा टक्क्यांनी वाढणार असे कामगार आणि मालक धरून चालले, तर पगार आणि दर तसेच ठरतात, आणि ती सवय मोडायला मंदीच लागते. मध्यवर्ती बँक मागे हटणार नाही याची खात्री पटली, तर सवय लवकर मोडते. लॉरेन्स बॉल यांनी १९९४मध्ये अनेक विकसित देशांतले महागाई उतरण्याचे प्रसंग तपासले. महागाई झपाट्याने उतरवली तिथे आणि पगाराचे करार लवचीक होते तिथे गुणोत्तर कमी आले. हळूहळू उतरवले की कमी दुखते, ही सर्वसाधारण समजूत त्यात टिकली नाही.

भारतासाठी हा हिशेब करू गेले की वेगळीच अडचण उभी राहते. रघुराम राजन सप्टेंबर २०१३मध्ये गव्हर्नर झाले. रेपो दर ७.२५वरून जानेवारी २०१४पर्यंत ८ टक्क्यांवर गेला आणि वर्षभर तिथेच ठेवला गेला. त्याच जानेवारीत ऊर्जित पटेल समितीने किरकोळ महागाई वर्षभरात ८ आणि दोन वर्षांत ६ टक्क्यांवर आणण्याचा मार्ग सुचवला. २०१३-१४मध्ये साडेनऊच्या आसपास असलेली महागाई २०१५-१६मध्ये पाचच्या खाली आली. याच तीन वर्षांत आर्थिक वाढीचा दर, सुधारित आकड्यांनुसार, ६.४वरून ७.४ आणि मग ८ टक्के झाला. म्हणजे महागाई निम्मी झाली आणि वाढ वेगवान! सरळ भागाकार केला तर त्याग सोडाच, उलट लाभच दिसतो.

हे उत्तर खरे मानता येत नाही. जून २०१४मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल जानेवारी २०१६मध्ये ३० डॉलरच्या खाली गेले. बहुतेक तेल आयात करणाऱ्या देशात यामुळे महागाईही उतरते आणि वाढीलाही हातभार लागतो. त्यात व्याजदराचा वाटा नसतो. भाताचा हमीभाव २०१२-१३मध्ये क्विंटलला १७० रुपयांनी वाढला होता. २०१४-१५ आणि २०१५-१६मध्ये तो दर वर्षी ५० रुपयांनीच वाढला. उलट बाजूला २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. मराठवाड्यातल्या बुडालेल्या पिकांचे नुकसान ‘महागाई रोखण्याची किंमत’ म्हणून मोजले, तर तीही चूकच. धोरणाचा परिणाम, तेलाचा परिणाम आणि पावसाचा परिणाम एकाच आकड्यात मिसळलेले असतात, आणि नुसत्या भागाकाराने ते सुटे होत नाहीत.

२०१२ हे आधारवर्ष असलेल्या किरकोळ किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता, त्यामुळे हा गोंधळ भारतात वारंवार होतो. जुलै २०२३मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर पोचली. सप्टेंबरमध्ये ती ५.०२ होती. या दोन महिन्यांत रेपो दर ६.५वरून जराही हलला नव्हता. वाशीच्या बाजार समितीत नवा माल उतरला, एवढेच. अशा चढउताराला धोरणाचे यश किंवा अपयश म्हणू नये, यासाठी बॉल यांच्या पद्धतीत महिन्याची महागाई न घेता नऊ तिमाहींची फिरती सरासरी घेतात. तिने टोमॅटोसारखे धक्के बरेचसे पुसले जातात. दोन वर्षे टिकलेली तेलाची घसरण मात्र त्या सरासरीतही उतरतेच.

बॉल यांच्या पद्धतीत आणखी एक गृहीतक आहे: महागाई तळाला गेल्यावर वर्षभरात उत्पादन आपल्या मूळ वाटेवर परत येते. बंद पडलेले छोटे वर्कशॉप पुन्हा उघडले नाही, किंवा दोन वर्षे घरी बसलेल्या कारागिराचा हात सुटला, तर नुकसान कायमचे असते आणि ते या बेरजेत धरलेलेच नसते. १९८०च्या दशकात युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, महागाई उतरल्यावरही बेकारी वर्षानुवर्षे चढीच राहिली. तेव्हापासून ही शंका अर्थशास्त्रात ठाण मांडून आहे.

अमेरिकेसारखा बेकारीवरून हिशेब भारतात जवळजवळ करताच येत नाही. मुंबईत बांधकामाचे आणि रंगकामाचे मजूर सकाळी नाक्यावर उभे राहतात. मागणी घटली म्हणून त्यांना कोणी कामावरून काढत नाही. आठवड्यात सहा दिवस मिळणारे काम तीन दिवस मिळते. श्रमशक्ती पाहणीत चालू आठवड्याच्या निकषाने, गेल्या सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केले असेल, तरी माणूस रोजगारात धरला जातो. नाक्यावरून दहा वाजता परत गेलेल्या त्या मजुराचे उरलेले तीन दिवस बेकारीच्या आकड्यात येतच नाहीत.