टिपस्टरच्या हिशेबाची पडताळणी

सामन्याचा किंवा मटक्याच्या आकड्याचा अंदाज विकणाऱ्याने स्वतःच्या 'पास' झालेल्या टिपांचा जो हिशेब मांडलेला असतो, तो कितपत खरा आहे हे तपासण्याची रीत. गोव्यात मटक्याचा आकडा सांगणारे जुनेच. आता आयपीएल आणि आयएसएलच्या टिपा देणारी टेलिग्राम चॅनेल्स त्यांच्या जोडीला आली आहेत. मटका १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने बेकायदा आहे आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. त्यामुळे बुकीचा भाव फोनवर तोंडी ठरतो आणि त्याचा कागद कुठेच उरत नाही. पडताळणीची खरी अडचण इथूनच सुरू होते.

समजा, फोंड्यातल्या एका तरुणाला असे एक चॅनेल कुणीतरी पुढे पाठवले. दावा असा: ६० टिपा, ३६ पास, प्रत्येक टिपेला भाव एक रुपया, म्हणजे रुपयाला रुपया. प्रत्येक टिपेवर शंभर रुपये लावले असते तर ३,६०० रुपये आले, २,४०० गेले, फायदा १,२००.

पहिली तपासणी भावाची. टिप पडली त्याच मिनिटाला बाजारात काय भाव होता, हा प्रश्न. टिपस्टर अनेकदा दिवसभरातला सर्वांत चढा भाव लिहितो. तो सकाळी दोन मिनिटे असतो, आणि चॅनेलवरचे शेकडो लोक एकदम लावायला धावले की उतरतो. तरुणाने आठवडाभर टिप येताच स्वतः भाव विचारून वेळेसकट वहीत लिहिला, तर त्याला सरासरी ८० पैसे मिळत होते. आता ३६ टिपांचे २,८८० आले, २,४०० गेले. १,२०० चे ४८० झाले. एकही टिप खोटी न ठरता निम्म्याहून अधिक फायदा गळाला. मला ही तपासणी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण लोक किती टिपा पास झाल्या तेवढेच विचारतात, भाव विचारतच नाहीत.

दुसरी तपासणी गाळलेल्या टिपांची. टेलिग्रामच्या सार्वजनिक चॅनेलमध्ये प्रत्येक संदेशाला ओळीने क्रमांक मिळतो आणि संदेशाची लिंक कॉपी केली की तो शेवटी दिसतो: `t.me/<channel>/412`. ४१३ नंतर थेट ४१६ आला तर मधले दोन पुसले गेले असण्याचा दाट संभव. मात्र एकाच वेळी टाकलेल्या अनेक फोटोंना वेगवेगळे क्रमांक मिळतात, तेव्हा आधी ते वजा करावेत. पुसलेली प्रत्येक गोष्ट टिपच होती असेही नाही, जाहिरातही असू शकते. खात्री करायची तर त्या दिवशी कुणी तो संदेश दुसऱ्या ग्रुपात पाठवला होता का ते शोधावे. मूळ पुसले तरी पाठवलेली प्रत राहते. संदेशाखाली `edited` असेल तर सामना सुरू झाल्यावर मजकूर बदलला का, हेही पाहावे. आपल्या उदाहरणात अशा सहा बुडालेल्या टिपा सापडल्या. सहाशे रुपये आणखी गेले, आणि ४८० चा फायदा १२० रुपयांच्या तोट्यात गेला.

तिसरी गोष्ट चॅनेलच्या आत दिसतच नाही. शंभर जणांनी नाणे उडवून प्रत्येकी ६० टिपा दिल्या, तर त्यांतल्या सुमारे आठ जणांच्या ३६ किंवा अधिक टिपा निव्वळ नशिबाने पास होतील. उरलेले ब्याण्णव चॅनेल बंद करतात किंवा नाव बदलून नव्याने सुरू करतात. मित्र पुढे पाठवतो ते त्या आठांपैकीच एक असते. म्हणून चॅनेल सापडण्याआधीचा हिशेब धरायचाच नाही. आपल्या वहीतली पहिली टिप ती पहिली.

मटक्यात हेच वेगळ्या वेषात दिसते. टिपस्टर चार अंक देतो आणि ओपन किंवा क्लोज या दिवसाच्या दोन आकड्यांपैकी कुठेही एक आला की 'पास' म्हणतो. दहातले चार अंक दोनदा चुकण्याची शक्यता ०.६ × ०.६, म्हणजे ३६ टक्के. काहीही न कळणाऱ्या माणसाच्या टिपाही ६४ टक्के दिवस पास होतात. इथे 'पास' कशाला म्हणतात हे आधी विचारावे.

वहीलाही मर्यादा आहे. ८० पैशांच्या भावात ६० टिपांचा निकाल नशिबानेच सातशे रुपये इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणजे मघाचा ४८० चा फायदा गाळलेल्या टिपा न धरताही काही सिद्ध करत नव्हता. शंभरामागे पाच रुपये खरोखर कमावणारा टिपस्टर नशीबवानापासून वेगळा ओळखायला सुमारे १,३०० टिपा लागतात. आठवड्याला पाच धरल्या तर पाच वर्षे.