गरोदरपणातला चहा आणि २०० मिलिग्रॅमचा आकडा

इंदूरच्या मराठी घरात सुनेला दिवस गेले की चहाबद्दल तीन मतं एकदम पुढे येतात. आजेसासूबाई म्हणतात, चहा उष्ण, शिवाय बाळ काळं होईल. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन कप घ्या, हरकत नाही. आणि मोबाइलवर लिहिलेलं असतं की दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, कपातून नाही, तेव्हा ते सोडून देऊ. पण हा २०० चा आकडा कोणी, कशावरून ठरवला?

सुरुवात उंदरांपासून झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत गाभण मादी उंदरांना नळीने थेट पोटात कॅफिन देण्यात आलं. वजनाच्या दर किलोमागे ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मिळालेल्यांच्या काही पिल्लांना पायाची बोटंच नव्हती. सप्टेंबर १९८० मध्ये प्रशासनाने गरोदर बायकांना कॅफिन टाळा, निदान कमी करा, असा सल्ला दिला. हाच डोस ५५ किलोच्या बाईला लावला तर साडेचार हजार मिलिग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे सत्तरएक कप चहा आणि तोही एका दमात. पुढे तेच कॅफिन पिण्याच्या पाण्यातून दिवसभर थोडं थोडं दिलं तेव्हा बोटांचं व्यंग दिसलं नाही. व्यंगाची भीती तिथेच ओसरली, सल्ला मात्र लोकांच्या डोक्यात राहिला.

माणसांवरचे अभ्यास जास्त अवघड निघाले. जास्त कॉफी पिणाऱ्या बायका त्या देशांत सिगारेटही जास्त ओढत, त्यामुळे दोष कोणाचा ते कळेना. दुसरी अडचण जास्त नाजूक होती. गर्भ नीट रुजला असला की पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होते, चहा-कॉफीचा वासही नको होतो. गर्भ मुळातच नीट वाढत नसेल तर मळमळ कमी, म्हणून कॉफी चालू राहते आणि पुढे गर्भपात होतो. कागदावर दिसतं की कॉफीने गर्भपात झाला, प्रत्यक्षात क्रम उलटा असू शकतो. ही शंका आजही पूर्ण फिटलेली नाही.

२००८ मध्ये दोन अभ्यास आले आणि आकडा खाली आला. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा अधिक कॅफिन घेणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण कॅफिन न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसलं. ब्रिटनमध्ये लेस्टर आणि लीड्स इथल्या २,६३५ गरोदर बायकांच्या अभ्यासात कॅफिन वाढेल तसं कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता थोडी थोडी वाढताना दिसली. २०० च्या वर गेलेल्यांच्या बाळांत सरासरी फरक साठ-सत्तर ग्रॅमचा होता. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्या बायकांच्या पोटात जाणाऱ्या कॅफिनपैकी ६२ टक्के चहातून येत होतं. ब्रिटनने ३०० ची मर्यादा २०० वर आणली, २०१० मध्ये अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०० च्या आतलं प्रमाण गर्भपाताचं मोठं कारण दिसत नाही असं म्हटलं आणि २०१५ मध्ये युरोपनेही तोच आकडा घेतला. जागतिक आरोग्य संघटना अजून ३०० च्या वर असलेल्यांनाच कमी करायला सांगते.

म्हणजे २०० ही काही लक्ष्मणरेषा नाही. १९९ ला सगळं ठीक आणि २०१ ला घात, असं कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही. डेन्मार्कमध्ये तर १,२०७ बायकांना अर्ध्या गरोदरपणानंतर कोणाला साधी, कोणाला कॅफिन काढलेली इन्स्टंट कॉफी देऊन पाहिली, बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट २०० च्या आतही वजन किंचित घटतं असं सांगणारे अभ्यास आहेत. २०० हा सावधपणे मारलेला मध्यम आकडा आहे आणि माझ्या मते तो मानावा, कारण त्यामागे शरीराचं एक साधं कारण आहे. एरवी घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं चार-पाच तासांत निकाली निघतं. गरोदरपणात यकृताचं ते काम मंदावत जातं आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्याच निम्म्याला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. कॅफिन वारेतून सरळ बाळाकडे जातं आणि बाळाच्या यकृताला ते मोडता येत नाही. सकाळचा चहा रात्री झोपतानाही अंगात असतो, त्यावर संध्याकाळचा चढतो.

आता घरचा हिशेब. कपाने मोजलं तर फसायला होतं, कारण कोणाचा कप केवढा आणि चहा किती उकळलेला, याला धरबंध नाही. मोजावी ती पावडर. आपल्याकडची दाणेदार सीटीसी पत्ती लवकर उतरते आणि तिच्यात साधारण तीन टक्के कॅफिन असतं, म्हणजे एका ग्रॅमला जास्तीत जास्त तीसएक मिलिग्रॅम. समजा लोकमान्य नगरातल्या एका घरात चहा पिणारे चौघं आहेत आणि पाव किलोचा पुडा दहा दिवस पुरतो. रोजची पंचवीस ग्रॅम पत्ती, प्रत्येकी सहा ग्रॅमच्या आसपास. सगळं काही पाण्यात उतरत नाही, तरी दीडशे ते एकशेऐंशी मिलिग्रॅम झालेच. या घरातल्या गरोदर सुनेला तिच्या तीन कपांतच मर्यादा जवळपास गाठली जाते. तिने एक कप सोडला तर शंभर-एकशेवीसवर येते आणि एक चमचा पावडरची इन्स्टंट कॉफी, पन्नास-साठ मिलिग्रॅमची, अधूनमधून बसू शकते. फेटून केलेल्या कॉफीत दोन चमचे जातात, ती दोन धरावी.

दुधाने, आल्याने, वेलचीने कॅफिन कमी होत नाही आणि उकळून ते उडतही नाही. पोह्यांबरोबरचा टपरीवरचा कट चहा आकाराने निम्मा असला तरी कढून कढून घट्ट झालेला असतो, तो मी पाऊण कप धरीन. कोलाची बदनामी त्या मानाने जास्त झाली आहे. ३०० मिलिच्या बाटलीत तीसएक मिलिग्रॅम कॅफिन असतं, खरी काळजी तिच्यातल्या साखरेची. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिच्या डब्यात मात्र पंचाहत्तरच्या आसपास असतं आणि गरोदर बायकांनी घेऊ नये असं डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

आपल्या बाजूला कॅफिनपेक्षा मोठा प्रश्न लोहाचा आहे. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी असतं, मध्य प्रदेशातही तेच. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको असं सांगितलं आहे. लोहाची गोळी चहाबरोबर गिळणं म्हणजे ती निम्मी वाया घालवणं. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

चहा एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, तेव्हा अर्धा अर्धा कप करत आठवड्याभरात कमी करावा. त्या डोकेदुखीवर दुकानातून आपल्या मनाने गोळी आणू नये. अशा काही गोळ्यांतही कॅफिन घातलेलं असतं आणि त्यातली बाकीची औषधं गरोदरपणात चालतीलच असं नाही.